एका ओळीत एकच नोंद: निकालपत्रकाच्या नव्या नमुन्याबद्दल विभागप्रमुखांना पत्र

मा. विभागप्रमुख,
भूगोल विभाग, यांस

सप्रेम नमस्कार.

विषय : सर्व विभागांसाठी निकालपत्रकाचा एकसारखा नमुना

मॅडम,

परवा परिपत्रक विभागात पोहोचलं आणि दुपारीच आपला फोन आला. "64 मुलांच्या वर्गाला 192 ओळी? माझं पत्रक एका पानात मावत होतं, ते असं लांबवायचं कशासाठी?" असं आपण विचारलंत. त्या वेळी काउंटरवर फॉर्म भरणारी मुलं उभी होती, त्यामुळे मला दोन वाक्यांपलीकडे बोलता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही. परिपत्रकात काय करायचं ते लिहिलंय, पण ते का करायचं हे कुठेच नाही. म्हणून हे पत्र लिहितोय. आपल्याशिवाय आणखी तिघा विभागप्रमुखांनी हेच विचारलंय, त्यांनाही याचीच प्रत देणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या पत्रकात चूक असायची म्हणून नमुना बदललेला नाही. वर मधोमध वर्गाचं नाव, त्याखाली विषय, त्याखाली अंतर्गत, लेखी आणि प्रात्यक्षिक असे तीन कॉलम, गैरहजर मुलांना पिवळा रंग, शेवटी वर्गाची सरासरी. माणसानं वाचायला त्याहून चांगलं पत्रक आमच्याकडे येत नव्हतं. अडचण अशी, की ते पत्रक माणूस वाचतो एकदा आणि संगणक वाचतो दहा वेळा. संगणकाला पिवळा रंग दिसत नाही.

गेल्या सत्रात काय झालं

एका विभागाचं पत्रक आमच्याकडे आलं होतं. विभागाचं नाव लिहीत नाही, कारण चूक तिथे झाली नव्हती, माझ्या टेबलावर झाली. प्रात्यक्षिक परीक्षा तीन दिवस, तीन बॅचमध्ये झाली होती. पहिल्या दोन बॅचचे गुण पत्रकात भरलेले होते. तिसऱ्या बॅचची बहिःस्थ परीक्षकांच्या सहीची यादी कागदावर होती आणि ती यायची राहिली होती. त्यातले बहुतेक गुण विभागानं फोनवर विचारून भरले, एका मुलीचे राहून गेले.

प्रात्यक्षिकाच्या कॉलममध्ये एकूण चार चौकटी रिकाम्या होत्या. एक मुलगा खरोखर गैरहजर होता, त्याची ओळ पिवळी होती. एक जण आधीच्या वर्षी प्रात्यक्षिकात पास झालेला, त्याचे जुने गुण पुढे आणायचे होते. एकानं विषय बदलला होता, तरी त्याचं नाव यादीत तसंच राहिलं होतं. आणि चौथी ही मुलगी. चार चौकटी, चार वेगळी कारणं, आणि दिसायला चारही सारख्या.

मी बेरजेचा साधा फॉर्म्युला लावला होता:

```
=C7+D7+E7
```

अशा बेरजेत एक्सेल रिकामी चौकट शून्य धरतं. त्या मुलीला अंतर्गत परीक्षेत 20 पैकी 14 आणि लेखीत 50 पैकी 31 होते. प्रात्यक्षिक रिकामं, म्हणून बेरीज 45 आली. शंभरात 45 म्हटल्यावर कोणाला शंकाही येणार नाही. पण प्रात्यक्षिकात 30 पैकी किमान 12 हवेत असा त्या विषयाचा नियम होता, त्यामुळे ती नापास दिसली. प्रत्यक्षात तिला प्रात्यक्षिकात 24 होते. म्हणजे एकूण 69.

निकाल सकाळी फलकावर लागला. दुपारी ती तासगावहून एसटीनं आली, काउंटरवर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी प्रात्यक्षिकाला होते, जर्नलवर सही आहे." जर्नल तिनं सोबत आणलं होतं. संध्याकाळपर्यंत निकाल दुरुस्त झाला, पण तो दिवस तिनं कसा काढला असेल हे मला अजून विसरता आलेलं नाही. ती आली म्हणून कळलं. जी मुलं निकाल बघून गप्प बसतात, त्यांच्यापैकी कोणाचं असं झालं असतं तर कळलंच नसतं.

नव्या नमुन्यामागे हे एकच कारण आहे असं समजा: पत्रकातल्या रिकाम्या जागेवरून कोणी काही ओळखायचं नाही.

काट्यावरची पावती

आपल्या भागात ऊस कारखान्याला जातो तेव्हा काट्यावर काय होतं ते आठवा. भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, वजन होतं. रिकामी झाल्यावर पुन्हा वजन होतं. वजाबाकी करून उसाचं निव्वळ वजन निघतं आणि पावती मिळते. एका खेपेला एक पावती. तिच्यावर शेतकऱ्याचा क्रमांक, वाहन, तारीख आणि वजन असतं. शेतकऱ्याच्या नावापुढे "पहिली खेप, दुसरी खेप, तिसरी खेप" असे कॉलम आखलेलं मोठं पान कोणी काट्यावर घेऊन बसत नाही. कोणाच्या दोन खेपा होतात, कोणाच्या चाळीस. पान आखायचं तरी किती कॉलमांचं?

बिल काढताना त्या क्रमांकाच्या सगळ्या पावत्या एकत्र होतात आणि बेरीज होते. ज्या खेपेची पावती नाही, ती खेप झालेलीच नाही. शून्य टनाची पावती कोणी फाडत नाही.

निकालपत्रकाचं आता हेच करायचं आहे. एका विद्यार्थ्याची, एका विषयातली, एका हेडची नोंद म्हणजे एक ओळ. हेड म्हणजे विषयाचा जो भाग वेगळा तपासला जातो आणि ज्याला वेगळे गुण मिळतात, तो. आपल्या विषयाला तीन हेड आहेत: अंतर्गत, लेखी आणि प्रात्यक्षिक. म्हणून 64 गुणिले 3 म्हणजे 192 ओळी.

पूर्वी आडवं पत्रक का चालायचं, हेही सांगतो. वर्गातल्या सगळ्यांचे विषय जवळपास सारखे असायचे, त्यामुळे प्रत्येकाच्या ओळीत प्रत्येक चौकट भरलेली असायची. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एकाच वर्गातल्या मुलांचा मुख्य विषय वेगळा, गौण विषय वेगळा, खुला ऐच्छिक विषय तर भलत्याच विभागातला. आपल्या खुल्या ऐच्छिक विषयाला वाणिज्यची मुलं बसतात, हे आपल्याला माहीत आहेच. अशा वर्गाचं आडवं पत्रक केलं की निम्म्या चौकटी रिकाम्याच राहतात. आणि त्यातली कुठली रिकामी असायला हवी आणि कुठली भरायची राहिली, हे ओळखणार कसं?

आठ कॉलम

नमुन्यात आठच कॉलम आहेत. `A` मध्ये विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक, ज्याला आपण सगळे पीआरएन म्हणतो. `B` मध्ये नाव, `C` मध्ये परीक्षा, `D` मध्ये विषयाचा कोड. `E` मध्ये हेड, `F` मध्ये त्या हेडचे कमाल गुण. हे सहाही कॉलम परीक्षा विभागाकडून भरूनच येतील, आपण त्यांना हात लावायचा नाही. आपल्याकडे उरतात दोन: `G` मध्ये मिळालेले गुण आणि `H` मध्ये स्थिती.

स्थितीसाठी चार खुणा ठरल्या आहेत. `P` म्हणजे हजर होता आणि गुण मिळाले. `AB` म्हणजे गैरहजर. `EX` म्हणजे हे हेड आधीच पास झालेलं आहे, जुने गुण परीक्षा विभाग लेजरमधून आणेल. `PD` म्हणजे गुण अजून यायचे आहेत. ज्यानं विषय घेतलेलाच नाही त्याला खूण नाही, कारण त्याची ओळच असणार नाही. यादीत अशी ओळ दिसली तर ती आपण खोडू नका, मला कळवा. विषयबदलाचा अर्ज कार्यालयात कुठेतरी अडकला आहे असा त्याचा अर्थ होतो.

मघाची चार मुलं नव्या पत्रकात कशी दिसली असती ते पाहा. नावं वगळली आहेत आणि क्रमांक नमुन्यासाठी रचलेले आहेत:

```
PRN         HEAD  MAX  MARKS  STATUS
2024999901  PR    30          AB
2024999902  PR    30          EX
2024999904  PR    30          PD
```

चारऐवजी तीनच ओळी आहेत, कारण विषय बदललेल्या मुलाची ओळ नाही. गुणांची चौकट तिघांचीही रिकामी आहे, पण प्रत्येकीच्या शेजारी कारण लिहिलेलं आहे. शेवटची ओळ त्या मुलीची. पत्रकात एक जरी `PD` असला तरी त्या विषयाचा निकाल पुढे जाणार नाही, असा नियम आम्ही आमच्या बाजूनं केला आहे. तिची यादी आली असती, `MARKS` मध्ये 24 पडले असते, आणि मगच पत्रक पुढे सरकलं असतं.

शून्य आणि रिकामं यांत एवढा काय फरक?

हा प्रश्न दुसऱ्या एका विभागातून आला. आपल्याला तो पडणार नाही, कारण आपल्या विभागात पर्जन्यमापक आहे. सकाळी साडेआठला कोणी जाऊन बघितलं आणि भांडं कोरडं निघालं, तर नोंदवहीत 0.0 लिहायचं. त्या दिवशी कोणी गेलंच नाही, तर शून्य लिहायचं नाही, नोंद झाली नाही असंच लिहायचं. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवताना मी व्हरांड्यातून ऐकलंय. गुणांचंही तेच आहे.

पाच मुलांचे प्रात्यक्षिकाचे गुण घ्या: 24, 18, रिकामी चौकट, 21 आणि 0. यातलं शून्य हे गैरहजर मुलाचं आहे, कोणीतरी `AB` ऐवजी 0 लिहिलं. आता सरासरी काढू. एक्सेलच्या `AVERAGE` ला दिलं तर ते रिकामी चौकट सोडून देतं आणि शून्य मात्र धरतं. म्हणजे 63 भागिले 4, सरासरी 15.75. रिकाम्या जागी कोणी शून्य भरलं तर 63 भागिले 5, सरासरी 12.6. आणि जे खरोखर परीक्षेला बसले आणि ज्यांचे गुण हातात आहेत तेवढेच तिघं धरले, तर 63 भागिले 3, सरासरी 21.

वर्ग तोच, गुण तेच, आणि सरासऱ्या तीन. मूल्यांकन समितीच्या फाइलमध्ये यातली कुठली गेली, हे पत्रक कोणी भरलं त्यावर ठरत होतं. शेजारच्या दोन विभागांच्या सरासऱ्या एकमेकांशी जोडून बघण्यात त्यामुळे काही अर्थच नव्हता.

म्हणून नियम असा: शून्य फक्त तेव्हाच, जेव्हा मूल परीक्षेला बसलं आणि त्याला शून्य मिळालं. गैरहजर मुलाच्या `G` मध्ये काहीही लिहायचं नाही, `AB` सुद्धा नाही. `AB` हे `H` मध्येच. गुणांच्या कॉलममध्ये फक्त आकडा राहिला पाहिजे. "18+2", "18 (पुनर्तपासणी)" असं लिहिलं की एक्सेल त्याला आकडा न मानता मजकूर मानतं, आणि `SUM` तो मुकाट्यानं वगळतो. चूक झाल्याचं सांगतही नाही. वाढीव गुण, पुनर्तपासणीतले गुण हे सगळं आमच्याकडे वेगळ्या पत्रकात होईल. विभागानं दिलेला मूळ आकडा कोणी पुसणार नाही.

"192 ओळी टाइप कोण करणार?"

मोजून पाहिलं तर आकडे तेवढेच आहेत. जुन्या पत्रकातही 64 मुलांच्या तीन कॉलमांत मिळून 192 चौकटीच होत्या. उलट पीआरएन आणि नावं टाइप करायचं काम आता विभागाकडे नाही.

राहिला स्थितीचा कॉलम. तोही हातानं भरायला लागू नये म्हणून `H` मध्ये आधीच हा फॉर्म्युला घातलेला असेल:

```
=IF(G2="","PD","P")
```

याचा अर्थ असा: गुण रिकामे असतील तर `PD` दाखव, काहीही आकडा असेल तर `P` दाखव. आपण `G` मध्ये 24 लिहिलंत की शेजारी आपोआप `P` येईल. शून्य लिहिलंत तरी `P` येईल, कारण शून्य म्हणजे रिकामं नव्हे. फक्त गैरहजर मुलांच्या ओळीत त्या फॉर्म्युल्यावरच `AB` टाइप करायचं, आणि जुने गुण असलेल्यांच्या ओळीत `EX`. वर्गात अशी मुलं किती असतात? पाच-सहा. तेवढंच जास्तीचं काम.

ओळींचा क्रमही आपल्या सोयीचा करता येतो. पत्रक उघडल्यावर `E` कॉलमच्या डोक्यावरच्या बाणातून फक्त `PR` निवडा, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या 64 ओळी तेवढ्या दिसतील आणि त्या पीआरएनच्या क्रमानं असतील. परीक्षकांची यादी त्याच क्रमानं करून घेतली की एक जण वाचेल, दुसरा भरेल.

कमाल गुणांपेक्षा जास्त आकडा चौकट स्वीकारणार नाही. 30 च्या हेडला 42 लिहिलं तर लगेच अडवेल. पण इथे एक पळवाट आहे, ती आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्या पत्रकातून गुण कॉपी करून पेस्ट केले, तर हा पहारा जागा होत नाही, आणि साधं `Ctrl+V` केलं तर पहाराच पुसला जातो. पेस्ट करणं भाग असेल तर `Paste Special` मधून `Values` निवडा, आणि नंतर `Data` मेनूतल्या `Data Validation` खाली `Circle Invalid Data` दाबा. चुकीच्या आकड्यांभोवती लाल गोल पडतील.

"नाव आहे ना, मग क्रमांकाचा एवढा आग्रह का?"

सांगलीतल्या कुठल्याही वर्गात पाटील किती असतात ते मी सांगायला नको. एकाच वर्गात नाव आणि आडनाव दोन्ही सारखी असलेली मुलंही येतात. त्यातून एका विभागाचं पत्रक इंग्रजीत, दुसऱ्याचं युनिकोड मराठीत, तिसऱ्याचं जुन्या मराठी फॉन्टमध्ये. पडद्यावर तिन्ही नावं एकच वाचता येतात, पण संगणकाच्या लेखी ती तीन वेगळी माणसं असतात. नावाच्या शेवटी एक जास्तीची मोकळी जागा पडली तरी जुळणी चुकते. म्हणून जुळणी फक्त पीआरएनवर होईल. नाव ठेवलंय ते आपल्या डोळ्यांसाठी.

पीआरएनच्या चौकटीच्या कोपऱ्यात एक छोटा हिरवा त्रिकोण दिसेल. आकडा मजकूर म्हणून साठवलाय, अशी ती सूचना आहे. एक्सेल `Convert to Number` असा पर्याय देईल. तो कृपया दाबू नका. आम्ही मुद्दामच तो मजकूर ठेवला आहे. फोन नंबरांची जशी कोणी बेरीज करत नाही, तशी पीआरएनचीही करत नाही. तो आकड्यांनी लिहिलेलं नावच आहे.

याचं महत्त्व मला श्रेयांक बँकेच्या कामात कळलं. विद्यार्थ्याचे श्रेयांक जिथे जमा होतात त्या खात्याचा क्रमांक 12 अंकी असतो. साध्या चौकटीत तो लिहिला की एक्सेल तो असा दाखवतं:

```
1.23457E+11
```

आतमध्ये पूर्ण क्रमांक शाबूत असतो, तोवर काही बिघडत नाही. पण ती फाइल त्याच अवस्थेत `CSV` म्हणून जतन केली की जे दिसतंय तेच लिहिलं जातं, आणि शेवटचे सहा अंक कायमचे जातात. अशी एक यादी आम्हाला पुन्हा मुलांना एकेक करून विचारून भरावी लागली. क्रमांक मजकूर म्हणून ठेवला असता तर ते टळलं असतं.

"वर्ग मला एका नजरेत दिसत नाही"

आपली ही तक्रार सगळ्यांत रास्त आहे. कुठलं मूल लेखीत चांगलं आणि प्रात्यक्षिकात मागे आहे, हे आडव्या पत्रकातच कळतं. उभ्या पत्रकात एका मुलाच्या तीन ओळी तीन ठिकाणी पडतात.

पण उभ्या पत्रकातून आडवं पत्रक काढता येतं, आणि त्याला दोन मिनिटं लागतात. `Insert` मधून `PivotTable` घ्यायचा, डावीकडे पीआरएन आणि नाव, वर हेड आणि मधे गुण ठेवायचे; गुणांसाठी `Count` आलं तर ते बदलून `Sum` करायचं. उलटा प्रवास मात्र फार त्रासाचा आहे. एकत्र केलेल्या चौकटी, रंग, मधेच आलेल्या सरासरीच्या ओळी हे सगळं हातानं उलगडावं लागतं, आणि प्रत्येक विभागाचं वेगळ्या तऱ्हेनं. म्हणून भरायचं पत्रक उभं, वाचायचं पत्रक आडवं, अशी ही वाटणी आहे.

यात एक उणीव आहे. त्या तक्त्यात मधे फक्त आकडे येतात, `AB` येत नाही. गैरहजर मुलाची जागा तिथे पुन्हा रिकामीच दिसेल. त्यामुळे तो तक्ता आपल्या अभ्यासापुरता ठेवा, फलकावर लावू नका. फलकासाठी आणि विभागाच्या फाइलसाठी आडवं पत्रक मी काढून देईन, त्यात रिकाम्या जागी खूण असेल. आपल्या जुन्या पत्रकाचीच मांडणी मी त्यासाठी घेतली आहे, वर मधोमध वर्ग, खाली विषय, खाली तीन हेड.

पत्रक जे पकडू शकत नाही ते

नव्या नमुन्यानं सगळ्या चुका थांबतील असं मी म्हणणार नाही. 24 च्या जागी 42 लिहिलं तर 30 च्या हेडला ते अडेल, 50 च्या हेडला नाही.

आणि सगळ्यांत मोठी भीती क्रमवारीची आहे. कोणी फक्त गुणांचा कॉलम निवडला आणि चढता-उतरता क्रम लावला, तर एक्सेल विचारतं की शेजारचे कॉलमही सोबत हलवू का. तिथे घाईत `Continue with the current selection` निवडलं गेलं, तर नावं जागेवर राहतात आणि गुण सरकतात. एकाचे गुण दुसऱ्याला. पत्रक बघून काहीही कळत नाही, कारण प्रत्येक आकडा शक्य कोटीतलाच असतो. म्हणून आम्ही पत्रक एक्सेलचा टेबल करूनच पाठवतोय. त्यात डोक्यावरच्या बाणातून क्रम लावला की पूर्ण ओळच हलते. क्रम लावायचा असेल तर त्या बाणातूनच लावा.

पत्रक देताना छापील प्रतीवर आपली सही पूर्वीसारखीच लागेल. सहीच्या वर दोन आकडे लिहायचे आहेत: एकूण ओळी किती आणि `G` कॉलमची बेरीज किती. आमच्याकडे फाइल उघडल्यावर हेच दोन आकडे जुळतात का ते मी बघेन. वाटेत एखादी ओळ गळली किंवा आकडा बदलला तर तिथेच कळेल. पण गुणांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते, ती या तपासणीत सापडणार नाही. तिच्यासाठी एकच उपाय आहे, आणि तो जुनाच आहे: सही करण्याआधी कुठलीही पाच नावं घेऊन परीक्षकांच्या कागदी यादीशी ताडून बघायची. पहिली पाच नकोत. वरून, मधून आणि शेवटून अशी घ्यावीत. पाचांपैकी एक जरी चुकलं तर पूर्ण पत्रक ताडायचं.

आपल्या विभागाची भरलेली सहा कॉलमांची फाइल आज ईमेलनं पाठवली आहे. प्रात्यक्षिकाची पहिली बॅच मंगळवारी संपतेय. त्या दिवशी चारनंतर मी विभागात येतो. पहिल्या बॅचचे गुण आपण आणि मी एकत्र बसून भरू, म्हणजे जे अडेल ते तिथेच कळेल. तिसऱ्या बॅचची यादी यायला उशीर होणार असेल तर होऊ दे, त्या ओळींवर `PD` राहील आणि मी थांबेन. येताना मागच्या वर्षीच्या प्रात्यक्षिकात पास झालेल्या मुलांची यादी लेजरमधून काढून आणतो, म्हणजे `EX` कोणाला लावायचं ते समोरासमोर ठरेल.

आपला विश्वासू,
वरिष्ठ लिपिक, परीक्षा विभाग
सांगली